डायरेक्ट सम आणि ‘पूरक’ या शब्दाचा घोळ

सदिश अवकाशाचे दोन उपावकाशांत असे तुकडे करायचे, की प्रत्येक सदिश त्या दोहोंच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता यावा. ही डायरेक्ट समची कल्पना १८४४ च्या एका जर्मन ग्रंथात बीजरूपाने सापडते. अवकाशाची आजच्यासारखी स्वयंसिद्धांवर उभी व्याख्या १८८८ मध्ये इटलीत छापली गेली. त्या काळाबद्दल इथे एवढे पुरे, कारण खरा गुंता त्यानंतरचा आहे आणि त्याचे मूळ ‘पूरक’ या एका शब्दात आहे.

संचाचा पूरक एकच असतो: संचात जे नाही ते सगळे. उपावकाशाच्या बाबतीत हा अर्थ मुळातच लागू होत नाही, कारण U च्या बाहेरच्या सदिशांमध्ये शून्यच नसतो. पूरक म्हणजे असा उपावकाश W, की U आणि W मिळून सगळा अवकाश भरतो आणि दोघांत फक्त शून्य सामाईक असतो. असे W सहसा अनेक असतात. तरीही वर्गात आणि पुस्तकांत सर्रास ‘U चा पूरक’ असे म्हटले जाते, जणू तो U सोबतच मिळतो. शब्द निवडताना झालेली ही चूकच म्हणायला हवी. ‘एक पूरक’ म्हणण्याची सवय लागली असती तर पुढचे बरेच गैरसमज टळले असते.

उदाहरण घेऊ. चार मितींच्या वास्तव अवकाशात (१, २, ०, १) आणि (२, ४, १, ३) यांनी U तयार होतो. हे सदिश मॅट्रिक्सच्या ओळी म्हणून मांडायचे आणि दुसरीतून पहिलीची दुप्पट वजा करायची. उरतात (१, २, ०, १) आणि (०, ०, १, १). पिव्हट पहिल्या आणि तिसऱ्या स्तंभात आले, म्हणून उरलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या स्तंभांचे प्रमाण सदिश e₂ आणि e₄ घेतले की त्यांचा W हा एक पूरक झाला. इथे नेहमीची चूक अशी होते की सदिश स्तंभ म्हणून मांडले जातात आणि नियम मात्र ओळींचा लावला जातो. त्या मांडणीत पिव्हटचे स्तंभ दिलेल्या सदिशांपैकी कोणते स्वतंत्र आहेत एवढेच सांगतात, कोणते e जोडायचे ते नाही. शंका असेल तर चारही सदिशांचा निर्धारक काढावा. तो शून्य आला तर निवड चुकली.

आता v = (३, ५, २, ७) विभागू. पिव्हटच्या जागांवर ३ आणि २ आहेत, म्हणून U मधला भाग ३(१, २, ०, १) + २(०, ०, १, १) = (३, ६, २, ५) आणि W मधला भाग (०, −१, ०, २). आता e₂ च्या जागी (१, ३, ०, १), म्हणजे e₂ मध्ये U चा पहिला सदिश मिळवून येणारा सदिश घ्या आणि e₄ तसाच ठेवा. हाही पूरकच आहे. पण आता त्याच v चा U मधला भाग (४, ८, २, ६) येतो आणि दुसरा भाग (−१, −३, ०, १). U तोच, v तोच, तरी ‘v चा U मधला भाग’ बदलला. पूरक ठरवल्याशिवाय या शब्दांना अर्थच नाही. W मधून U मध्ये जाणारे प्रत्येक रेषीय रूपांतर एक नवा पूरक देते. म्हणून q घटकांच्या क्षेत्रावर n मितींच्या अवकाशात k मितींच्या उपावकाशाचे पूरक q^(k(n−k)) इतके असतात.

अंतर्गुणाकार आला की लंब पूरक U⊥ मिळतो, आणि तो एकमेव असतो. इथेच घोळ पक्का झाला. सांत मितींच्या वास्तव अवकाशात नेहमीच्या अंतर्गुणाकाराने U⊥ खरोखर पूरक असतो, म्हणून तो नेहमीच तसा असतो असा समज बसला. दोन घटकांच्या क्षेत्रावर (१, १) चा (१, १) शीच गुणाकार १ + १ = ० येतो. त्या रेषेचा U⊥ म्हणजे तीच रेषा. मितींची बेरीज बरोबर दोन येते, पण अवकाश विभागला जात नाही. संकेतशास्त्रात U = U⊥ असे संकेत मुद्दाम बांधले जातात. त्या रेषेचे खरे पूरक वरच्या सूत्राप्रमाणे २ आहेत, e₁ ची आणि e₂ ची रेषा, आणि त्यांपैकी एकही (१, १) ला लंब नाही.

अनंत मितीत प्रश्न वेगळा होतो. पूरक आहे का, हेच आधी विचारावे लागते. U ची बेसिस वाढवून सगळ्या अवकाशाची बेसिस करायची, ही युक्ती निवडीच्या स्वयंसिद्धावर टेकलेली आहे. १९०५ मध्ये परिमेय संख्यांच्या क्षेत्रावर वास्तव संख्यांची बेसिस असते हे दाखवले गेले. त्याच वर्षी मोजमाप नसलेला संचही दाखवला गेला. या दोन गोष्टी वाटतात त्याहून जवळच्या आहेत. परिमेय संख्यांचा वास्तव संख्यांतला कोणताही पूरक घ्या: तो प्रत्येक सहसंचातून, म्हणजे आपापसांत परिमेय फरक असलेल्या संख्यांच्या प्रत्येक गटातून, बरोबर एक प्रतिनिधी निवडतो, आणि अशा संचाला मोजमाप नसते. म्हणून तो पूरक सूत्राने लिहून दाखवायची आशा सोडून द्यावी. प्रत्येक सदिश अवकाशाला बेसिस असते हे विधान उलट निवडीचा स्वयंसिद्ध देते, हे १९८४ मध्ये सिद्ध झाले.

विश्लेषणात नुसता पूरक कामाचा नाही. तो बंद हवा, म्हणजे U वरचा प्रक्षेप सतत राहतो. १९४० मध्ये दाखवले गेले की परिबद्ध क्रमिकांच्या अवकाशात शून्याकडे जाणाऱ्या क्रमिकांच्या उपावकाशाला बंद पूरक नाही. कारण सांगता येण्यासारखे आहे. बंद पूरक असता तर तो शून्याकडे जाणाऱ्या क्रमिका शून्य मानून मिळणाऱ्या भागाकार अवकाशाशी समरूप असता. पूरकातले सदिश पहिले पद, दुसरे पद अशा मोजण्याजोग्या सतत फलनकांनी वेगळे ओळखता येतात, कारण सगळी पदे शून्य म्हणजे सदिशच शून्य. भागाकार अवकाशात हे जमत नाही. नैसर्गिक संख्यांचे असे अगणनीय अनंत उपसंच घेता येतात की कोणत्याही दोघांत सांतच संख्या सामाईक असतात. प्रत्येक उपसंचासाठी त्यातल्या जागी १ आणि बाकी ० अशी क्रमिका घ्या. या क्रमिकांच्या भागाकार अवकाशातल्या प्रतिमांपैकी मोजण्याजोग्या इतक्यांवरच एखादे सतत फलनक शून्येतर राहू शकते. म्हणून मोजण्याजोगी फलनके मिळूनही काही प्रतिमा सुटतातच, त्या शून्यापासून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

तरी हा सगळा दोष उपावकाशाचा नाही. वेगळ्या करता येणाऱ्या, म्हणजे मोजण्याजोगा दाट संच असलेल्या कोणत्याही मोठ्या बानाख अवकाशात तोच उपावकाश बसवला तर त्याला बंद पूरक मिळतो, आणि प्रक्षेपाचा नॉर्म २ पेक्षा जास्त लागत नाही. हे १९४१ मध्ये दाखवले गेले. १९७१ मध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू पूर्ण झाली: ज्या बानाख अवकाशात प्रत्येक बंद उपावकाशाला बंद पूरक असतो तो हिल्बर्ट अवकाशाशी समरूप असतो. म्हणजे लंब पूरकाची सोय जिथे आहे तिथेच ही सवलत सर्वांना मिळते. मात्र अंतर्गुणाकार असूनही अवकाश पूर्ण नसेल तर लंब पूरकाची सोयही मिळत नाही. सांत पदेच शून्येतर असलेल्या क्रमिकांत n व्या पदाला n ने भागून बेरीज शून्य येणाऱ्या क्रमिकांचा उपावकाश घ्या. तो बंद आहे, सगळा अवकाश नाही, तरी त्याचा लंब पूरक केवळ शून्य. जो सदिश त्याला लंब असायला हवा, (१, १/२, १/३, …), तो या अवकाशातच नाही.