प्री-ईएमआय व्याज

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटसाठी बँक मंजूर कर्ज एकदम देत नाही, प्लिंथ झाली, अमुक स्लॅब पडला असं बिल्डरचं डिमांड लेटर आलं की तेवढाच हप्ता सोडते, आणि पूर्ण रक्कम सुटेपर्यंत सुटलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज दर महिन्याला घेते, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. यातून मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. आणि सँक्शन लेटरमधली वीस वर्षांची मुदत बहुतेक वेळा खरा ईएमआय सुरू झाल्यावरच मोजायला लागतात.

हिशोबाला दोनच कागद लागतात. सँक्शन लेटरमधून व्याजदर, तो रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलाय का, आणि व्याज दिवसावर मोजणार की महिन्यावर हे घ्यायचं, अन् डिस्बर्समेंटच्या, म्हणजे पैसे सुटल्याच्या नोंदीतून तारखा आणि रकमा.

समजा पुनावळ्यात फ्लॅट घेतलाय, कर्ज ४० लाख, दर ८.५ टक्के. जुलैअखेर ८ लाख सुटलेत आणि २० ऑगस्टला स्लॅबचे आणखी ६ लाख सुटले. आता ८ लाखांचं वर्षाचं व्याज ६८,००० म्हणजे दिवसाला साधारण १८६ रुपये, ऑगस्टच्या ३१ दिवसांचे झाले ५,७७५. नव्या ६ लाखांचं दिवसाला जवळपास १४० पडतं पण ते फक्त २० ते ३१ तारखेचं, म्हणजे १२ दिवसांचे १,६७७. एकूण ७,४५२ रुपये. व्याज महिन्यावर मोजत असतील तर थोडाफार फरक येईल, ते ठीक आहे, पण स्टेटमेंटला १०,१०० च्या आसपास आकडा दिसला तर ओळखायचं की पूर्ण १४ लाखांवर अख्ख्या महिन्याचं व्याज लावलंय, आणि हे सरळ चूक आहे.

दुसरी गडबड तारखेतच असते. त्याच ६ लाखांचा चेक बनला १३ तारखेला आणि बिल्डरला मिळाला २० ला, पण व्याज लागलं १३ पासून, तर मधल्या सात दिवसांचे ९७८ रुपये ग्राहकाच्या माथी बसतात. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात या दोन्ही पद्धतींवर बोट ठेवलंय आणि जादा घेतलेलं व्याज परत करायला सांगितलंय. म्हणून बिल्डरच्या पावतीवरची तारीख बँकेच्या नोंदीशी ताडून बघावीच, आणि फरक निघाला तर बँकेला लेखीच कळवावं, काउंटरवर तोंडी सांगून काही उपयोग नाही. मधेच रेपो बदलला असेल तर नवा दर कुठल्या तारखेपासून लागला ते बघून महिना दोन तुकड्यांत मोजायचा.

हे आकडे टॅक्सलाही लागतात. राहत्या घरासाठी जुन्या करप्रणालीत, बांधकाम ज्या आर्थिक वर्षात पूर्ण झालं त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंत भरलेलं व्याज पाच समान भागांत वजा मिळतं, म्हणजे दोन लाख भरले असतील तर वर्षाला ४०,०००, पण हे ४०,००० आणि त्या वर्षाचं चालू व्याज मिळून मर्यादा दोन लाखांचीच.