टाइप-सी बसली, पण ट्रिमर चार्ज का होत नाही?

नवी केबल घ्यायची तर दुकानदाराला जुन्या केबलचा नाही, वस्तूच्या सॉकेटचा फोटो दाखवा. तो अगदी समोरून काढा आणि टॉर्चचा उजेड जरा तिरका पाडा, म्हणजे आतलं दिसतं.

आधी कोपरे बघा. दोन कोपरे तिरके छाटलेले असतील तर ते मायक्रो-यूएसबी. टाइप-सी आणि लाइटनिंग, दोघांच्याही कडा गोल, म्हणून फोटोत गफलत होते ती यांच्यातच. सॉकेटच्या मधोमध पातळ जीभ दिसली तर टाइप-सी. आत मोकळं असेल तर लाइटनिंग, कारण तिथे जीभ केबलच्या टोकाला असते. खिशातला कचरा आत दाबून बसला की तोही फोटोत जिभेसारखा दिसतो, तेव्हा वस्तू बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढा. आणि नुसतं ‘आयफोनची केबल द्या’ म्हणून भागत नाही. 2023 मध्ये आलेल्या आयफोन 15 पासून तिथेही टाइप-सी आहे.

सॉकेट ओळखलं, तरी केबलचं दुसरं टोक राहतंच. समजा, ट्रिमरला टाइप-सी सॉकेट आहे. सोबत आलेली केबल हरवली, म्हणून तुम्ही दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली चांगली केबल आणली. फोन तिच्यावर झकास चार्ज होतो, ट्रिमरचा दिवा मात्र लागत नाही. ना केबल खराब, ना चार्जर.

जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टवर 5 व्होल्ट कायम असतात. टाइप-सी पोर्ट तसा नाही. समोरच्या वस्तूत सीसी नावाच्या पिनेवर 5.1 किलोओहमचा रोधक सापडेपर्यंत तो वीज सोडतच नाही. सीसी पिना दोन, म्हणून रोधकही दोन लागतात. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, स्पीकर बनवणारे बरेचदा दोन्ही गाळतात. एकच बसवला असेल तर केबल एका बाजूने चालते, उलटी केली की बंद. हा कंजूसपणा स्वस्त मालापुरताच आहे असंही नाही: 2019 च्या रास्पबेरी पाय 4 च्या सुरुवातीच्या बोर्डांत दोन्ही पिनांना मिळून एकच रोधक होता आणि काही महागड्या केबलींवर ते बोर्ड सुरूच होत नसत.

रोधक फोटोत दिसत नाही. पण खोक्यावरच्या चित्रात किंवा माहितीपत्रकात सोबतच्या केबलचं एक टोक चौकोनी असेल, तर मुकाट्याने तशीच, ए-टू-सी केबल आणि साधा 5 व्होल्टचा ॲडॅप्टर घ्या.

लॅपटॉपचं गणित वेगळं. साधी सी-टू-सी केबल 3 अँपिअरची, म्हणजे नेहमीच्या 20 व्होल्टवर 60 वॉटपर्यंत. 5 अँपिअरच्या केबलीत तसं सांगणारी चिप असते. ती नसेल तर चार्जर 3 अँपिअरच्या वर जात नाही आणि जास्त वॉटचा लॅपटॉप रखडत चार्ज होतो. अशा लॅपटॉपसाठी केबलवर 100 किंवा 240 वॉट छापलेलं आहे का, ते बघून घ्या.