डोळ्याने मोजलेलं अक्षर आणि फॉर्मने मोजलेलं अक्षर

ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्मवर ‘घटनेचे थोडक्यात वर्णन, मर्यादा 100 कॅरॅक्टर’ असं लिहिलेलं असतं, आणि आपण त्याचा अर्थ शंभर अक्षरं असा घेतो. मराठीत हे दोन हिशेब जुळत नाहीत. शाळेत शिकल्याप्रमाणे ‘बर्डी’ हा शब्द दोन अक्षरांचा. फॉर्मच्या लेखी तो पाचाचा आहे: ब, र, पाय मोडणारं चिन्ह, ड आणि दीर्घ वेलांटी. ‘सीताबर्डी’ आपल्याला चार अक्षरांची, फॉर्मला नऊ कॅरॅक्टरांची. ‘गड्डीगोदाम’ पाचाचं होतं दहा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातलं ते न दिसणारं चिन्ह, प्रत्येकाला वेगळी जागा लागते. दोन शब्दांमधली मोकळी जागाही मोजली जाते, तेही आपण विसरतो.

इंग्रजीत ही भानगडच नाही, कारण तिथे दिसलेलं एक अक्षर म्हणजे एकच कॅरॅक्टर. हे फॉर्म बनवताना मर्यादा बहुधा इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून ठरते आणि मग तीच मराठीलाही लावली जाते. मोबाइलच्या साध्या मेसेजमध्ये निदान फरक तरी मान्य केलेला आहे: इंग्रजीला 160, मराठीला 70.

आता हे तक्रारीत कुठे नडतं ते पाहू. समजा, धरमपेठेतल्या एका काकूंना ‘आज रात्री तुमची वीज कापली जाईल’ असा मेसेज आला. त्यांनी त्यातल्या नंबरवर फोन केला, पलीकडच्याने मोबाइलमध्ये एक ॲप टाकायला लावलं आणि खात्यातून 48,500 रुपये गेले. तक्रार मुलगा भरतोय. त्याने आधी नोट्समध्ये नीट वाक्य लिहिलं:

“माझ्या आईला वीज कापली जाईल असा मेसेज आला व त्यातील नंबरवर फोन केल्यावर ॲप टाकायला लावून खात्यातून 48500 रुपये काढले”

डोळ्याने मोजलं तर अक्षरं, आकडे आणि मोकळ्या जागा मिळून 78 भरतात. म्हणजे शंभरात आरामात बसायला हवं. पण फॉर्मच्या हिशेबाने ते 115 आहे. चौकटीत पेस्ट केलं की ब्राउझर बहुतेक वेळा काहीही न बोलता पहिले शंभर ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो. शंभरावा कॅरॅक्टर नेमका रकमेच्या मध्येच येतो. उरतं काय? “…ॲप टाकायला लावून खात्यातून 48”.

तुटलेला शब्द निदान तुटलेला दिसतो. जोडाक्षराच्या मध्ये कात्री लागली तर पाय मोडलेलं अक्षर लोंबकळत राहतं आणि वाचणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी गळालंय. आकड्याचं तसं नाही. 48 हा स्वतः पूर्ण आकडाच आहे. वाचणारा एकतर ती चूक समजेल किंवा 48 रुपयांची तक्रार समजून पुढे जाईल. म्हणून मर्यादा कमी असेल तिथे आपल्या सवयीचा क्रम, म्हणजे आधी हकिकत आणि शेवटी नुकसान, उलटा करावा लागतो. कात्री शेपटाला लागते, तेव्हा जे गळून चालणार नाही ते डोक्याशी हवं.

“48500 रुपये आईच्या खात्यातून गेले, वीज कापण्याचा खोटा मेसेज, फोनवरून ॲप टाकायला लावले”

हे 85 भरतं. 15 शिल्लक. रक्कम, खातं कुणाचं, कोणत्या बहाण्याने आणि कशा मार्गाने, चारही गोष्टी आल्या. ‘आईच्या खात्यातून’ला जागा दिली, कारण तक्रार मुलगा करतोय आणि पैसे त्याचे नाहीत. तारीख आणि वेळ नाही घातली. त्यांना सहसा स्वतंत्र रकाने असतात, तेच पुन्हा इथे लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. रकमेलाही वेगळा रकाना असेल तर तिलाही इथून काढता येईल, पण मी काढणार नाही: तक्रारींच्या यादीत कधी कधी फक्त ही एक ओळच समोर येते. ‘सदर’, ‘असून’, ‘अज्ञात इसमाने’ ही पोलीस ठाण्यातली मराठी मात्र बिनदिक्कत गाळावी. चोर ओळखीचा नाही, हे नाव न लिहिल्यावर कळतंच.

एवढं करूनही एक तिसरा हिशेब आडवा येऊ शकतो. काही ठिकाणी फॉर्म पुढे कॅरॅक्टर मोजतो, पण मागची साठवण बाइट मोजते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला प्रचलित यूटीएफ-8 पद्धतीत तीन. शंभर बाइटांत मग मराठीची तेहतीसच चिन्हं मावतात. मुलाचं पहिलं वाक्य अशा जागी “…असा मेसेज आ” इथेच संपलं असतं, पैशांचा उल्लेखही आला नसता. दुसरं “48500 रुपये आईच्या खात्यातून गेले, वीज का” इतकं तरी टिकतं. आकडे इंग्रजी अंकांत लिहिण्याचा फायदा इथे होतो, कारण 48500 ला पाच बाइट पुरतात आणि ४८५०० ला पंधरा लागतात.

आधीच मोजून पाहायचं असेल तर संगणकावरच्या ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दोन ओळी पुरतात:

```
"सीताबर्डी".length
new TextEncoder().encode("सीताबर्डी").length
```

पहिलीचं उत्तर 9, दुसरीचं 27. ज्यांना हे नको त्यांनी डोळ्याने मोजलेल्या संख्येची दीडपट धरावी. वरच्या दोन्ही ओळींत प्रमाण साधारण तेवढंच पडलंय. जोडाक्षरं जास्त असली तर दीडपटही कमी पडते.

मोठ्या चौकटीत हाच हिशेब आपल्या बाजूने लागतो. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर, cybercrime.gov.in वर, घटनेच्या तपशिलाला किमान 200 कॅरॅक्टरांची अट आहे. मराठीत ती सव्वाशे-दीडशे अक्षरांतच पुरी होते, तेव्हा भरीला पाल्हाळ लावायची गरज नाही. तिथे खरी अडचण वेगळी आहे: त्या मजकुरात #, $, @, ^, *, ~, |, ! अशी चिन्हं आणि अवतरणचिन्हं चालत नाहीत. यूपीआय आयडी किंवा ई-मेल वाक्यात लिहिला की @ आलाच. तो वाक्यात कोंबू नये, संशयिताच्या माहितीत किंवा पुराव्याच्या स्क्रीनशॉटमध्ये द्यावा. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं mother's मधलं चिन्हही असंच अडकतं. व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक व्यवहाराच्या रकान्यातच भरायचा. पैसे नुकतेच गेले असतील तर मात्र हे सगळं मोजत बसण्याआधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा.

सबमिट करण्याआधी फॉर्म भरलेली माहिती पुन्हा दाखवतो. तिथे शुद्धलेखन पाहण्यापेक्षा प्रत्येक रकान्याचा शेवटचा शब्द आणि प्रत्येक आकड्यातले अंक आपल्या नोट्सशी ताडून पाहावेत. पोचपावतीची पीडीएफ आली की तेच पुन्हा करावं, कारण बाइटांची कात्री असेल तर ती सबमिटनंतरच लागते आणि आधीच्या पडद्यावर दिसत नाही.