मोठी झालेली बाहुली आणि शिवरात्रीचा धोतरा

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला: "दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या की समजा, मेंदूत रक्तस्राव झाला." नेमक्या त्याच सकाळी रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेची उजवी बाहुली डावीच्या जवळजवळ दुप्पट झाली होती. वय ३४. डोके दुखत नव्हते, उलटी नव्हती. फक्त उन्हात उजवा डोळा दिपत होता आणि त्या डोळ्याने मुलांच्या वह्या तपासताना अक्षर पुसट दिसत होते. घरात संदेश वाचून सगळ्यांचे धाबे दणाणलेले, तर शेजारच्या काकू म्हणत होत्या, "अगं, दृष्ट लागली असेल, मीठ-मोहरी ओवाळ."

दोन्ही निदाने चुकीची होती. खरे कारण शोधायला डोळ्यांच्या डॉक्टरांना एक टॉर्च, एक पेन आणि दोन प्रकारचे थेंब एवढेच लागले. ते त्यांनी कसे शोधले, ते सविस्तर सांगण्याजोगे आहे.

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधले छिद्र. ती साधारण २ ते ८ मिलिमीटर यांदरम्यान लहान-मोठी होते. ती आकसवणारा एक वर्तुळाकार स्नायू छिद्राच्या काठाने असतो. डोळ्यावर उजेड पडला की सुमारे एक पंचमांश सेकंदात तो आकसू लागतो. इथवर शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते हे, की उजेड एका डोळ्यात पडला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात, आणि सारख्याच आकसतात.

याचे कारण नसांच्या जोडणीत आहे. उजेडाचा संदेश दृष्टिपटलावरून दृष्टीच्या नसेतून निघतो. दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात आणि तिथे साधारण निम्मे तंतू पलीकडे जातात. पुढे बघण्यासाठीचे तंतू मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात, पण बाहुलीसाठीचे तंतू वाटेतच त्यांची साथ सोडून मध्यमेंदूच्या छतातल्या प्रीटेक्टल नावाच्या पेशीसमूहात शिरतात. प्रत्येक बाजूचा प्रीटेक्टल समूह दोन्ही बाजूंच्या एडिंगर-वेस्टफाल केंद्रकांना कळवतो. तिथून तिसऱ्या क्रमांकाच्या मस्तिष्क-चेतेतून, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या नसेतून, आदेश परत डोळ्याकडे येतो, डोळ्याच्या मागच्या सिलिअरी गँग्लियन नावाच्या चेतापेशींच्या पुंजक्यात एकदा हस्तांतरित होतो आणि शेवटी त्या वर्तुळाकार स्नायूपर्यंत पोचतो. म्हणजे जाताना संदेश एका डोळ्याचा असतो, पण मध्यमेंदूत तो दोघांचा होतो, आणि परतताना प्रत्येक डोळ्याची वाट पुन्हा वेगळी.

या रचनेतून एक गोष्ट आपोआप निघते. दृष्टीची नस बिघडली तर बाहुल्या लहान-मोठ्या होत नाहीत. उजव्या नसेला सूज आली तरी डाव्या डोळ्याकडून आलेला उजेडाचा संदेश दोन्ही बाहुल्यांना सारखाच मिळत राहतो. तो बिघाड पकडायला टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर अशी फिरवावी लागते: टॉर्च आजारी डोळ्यावर आली की दोन्ही बाहुल्या आकसण्याऐवजी पसरतात, कारण मेंदूला वाटते उजेड कमी झाला. पण टॉर्च न मारता आरशात बघूनच एक बाहुली मोठी दिसत असेल, तर बिघाड बघण्याच्या वाटेवर नसून आदेशाच्या वाटेवर आहे.

डॉक्टरांनी आधी शिक्षिकेच्या पापण्या पाहिल्या. उजवी पापणी लोंबत नव्हती. मग बोट फिरवून डोळा सगळ्या दिशांना वळतो का पाहिले. वळत होता. मग टॉर्च. उजव्या डोळ्यात उजेड टाकला तेव्हा डावी बाहुली चटकन आकसली, म्हणजे उजव्या दृष्टिपटलापासून मध्यमेंदूपर्यंतची वाट शाबूत होती. उजवी मात्र हलली नाही. डाव्यात उजेड टाकला तरी उजवी हलली नाही. मध्यमेंदूत आदेश तयार होत होता, पण तो उजव्या डोळ्यात अमलात येत नव्हता.

आता पेन. ते नाकाच्या समोर २५ सेंटिमीटरवर धरून त्याच्या टोकाकडे बघायला सांगितले. जवळचे बघताना तीन गोष्टी एकदम होतात: दोन्ही डोळे आत वळतात, सिलिअरी स्नायू आकसल्याने भिंग फुगीर होते आणि बाहुल्या लहान होतात. उजेड तोच असला तरी होतात, कारण हा आदेश उजेडातून येत नाही. "मला जवळचे बघायचे आहे" हे मेंदूच्या बाह्यकाने ठरवलेले असते. तो संदेश प्रीटेक्टल समूहात न शिरता, मध्यमेंदूच्या छतापासून दूर, पुढच्या बाजूने एडिंगर-वेस्टफाल केंद्रकापर्यंत जातो. तिथून पुढे वाट एकच.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतो तो हा टप्पा. दोन वाटा वेगळ्या आहेत आणि मग एक होतात, म्हणून कोणती प्रतिक्रिया गेली आणि कोणती उरली एवढ्यावरून बिघाडाची जागा सांगता येते. मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनिअल ग्रंथीची गाठ वरून मध्यमेंदूच्या छतावर दाब देऊ लागली की उजेडाची वाट तुटते, पण जवळचे बघण्याची वाट वाचते. बाहुल्या टॉर्चला दाद देत नाहीत आणि पेनाकडे बघताना आकसतात. अशा माणसाला वर बघणेही जड जाते. १८६९ मध्ये एडिंबरोच्या अर्गाइल रॉबर्टसन यांनी असेच, पण लहान आणि वेड्यावाकड्या बाहुल्यांचे रुग्ण वर्णन केले. त्यांचे कारण पुढे सिफिलिस ठरले. उलट प्रकार, म्हणजे उजेडाला आकसते पण जवळचे बघताना नाही, फारच विरळा.

शिक्षिकेची उजवी बाहुली पेनाकडे बघतानाही आकसली नाही, आणि वहीतली अक्षरे पुसट दिसत होती, म्हणजे भिंगही फुगत नव्हते. (पन्नाशीच्या बाईत हा पुरावा निरुपयोगी ठरला असता, तिथे भिंग आधीच ताठर झालेले असते.) दोन्ही प्रतिक्रिया गेल्या होत्या. म्हणजे बिघाड वाटा एक झाल्यानंतरच्या भागात. तिथे तीन जागा उरतात: तिसरी चेता, सिलिअरी गँग्लियन, किंवा खुद्द स्नायू.

संदेशातली भीती पहिल्या जागेशी जोडलेली आहे आणि ती निराधार नाही. बाहुलीचे तंतू तिसऱ्या चेतेच्या पृष्ठभागालगत असतात, त्यामुळे शेजारच्या धमनीला फुगा आला किंवा डोक्याला मार लागून मेंदू सरकला तर दाब आधी त्यांच्यावर येतो. मधुमेहात याच चेतेचा आतला भाग रक्तावाचून उपाशी राहतो, म्हणून तिथे पापणी पडते, डोळा वळत नाही, पण बाहुली बऱ्याचदा वाचते. पण धमनीच्या फुग्याने बाहुली मोठी केली तर सहसा पापणी लोंबते, डोळा खाली-बाहेर वळतो, डोके दुखते. मेंदू सरकला असेल तर माणूस शुद्धीत चालत दवाखान्यात येत नाही. पापणी, डोळ्याची हालचाल आणि शुद्ध तिन्ही ठीक असताना नुसती बाहुली मोठी असेल, तर संशय डोळ्याजवळ सरकतो.

दुसरी जागा सिलिअरी गँग्लियन. इथला आजार बहुधा तरुण स्त्रियांत, एका डोळ्यात दिसतो. त्याला अॅडीची बाहुली म्हणतात. या गँग्लियनमधून निघणाऱ्या तंतूंपैकी सुमारे ९७ टक्के भिंग फुगवणाऱ्या स्नायूकडे जातात आणि जेमतेम ३ टक्के बाहुलीकडे. आजारात तंतू तुटतात, काही आठवड्यांनी पुन्हा वाढतात, आणि वाट चुकून भिंगाचे बरेच तंतू बाहुलीच्या स्नायूत घुसतात. मग ती बाहुली उजेडाला जवळजवळ दाद देत नाही, पण जवळ बघताना हळूहळू आकसत जाते आणि नजर दूर नेल्यावर तितक्याच सावकाश सुटते. सूक्ष्मदर्शी दिव्याखाली तिच्या काठाचे काही तुकडेच वळवळताना दिसतात. पण ही खूण नंतर येते. पहिल्या दिवसांत अॅडीच्या बाहुलीतही दोन्ही प्रतिक्रिया गेलेल्या असतात, म्हणून पेनाने इथे निकाल लागत नाही.

निकाल थेंबांनी लागतो. पायलोकार्पिन हे दक्षिण अमेरिकेतल्या एका झुडपाच्या पानांतून मिळणारे औषध स्नायूवरच्या ग्राहींना, म्हणजे नसेचा आदेश स्वीकारणाऱ्या जागांना, थेट चेतवते, नस असो वा नसो. नसेचा पुरवठा तुटलेला स्नायू काही दिवसांत अति संवेदनशील होतो, म्हणून ०.१ टक्के इतका पातळ थेंबही अॅडीची बाहुली आकसवतो, जो निरोगी डोळ्यावर फारसा परिणाम करत नाही. शिक्षिकेच्या दोन्ही डोळ्यांत तो घातला, काही झाले नाही. नंतर १ टक्क्याचा. या तीव्रतेला चेता तुटलेली असली तरी बाहुली आकसायला हवी, कारण स्नायू आणि त्यावरचे ग्राही धडधाकट असतात. अर्ध्या-पाऊण तासात डावी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. उजवी तशीच.

म्हणजे ग्राहींवर दुसरेच काहीतरी ठाण मांडून बसले होते. डॉक्टरांनी विचारले, "काल पूजेला धोतरा तोडला होतात का?" तोडला होता, बागेतला, फूल आणि फळ दोन्ही. आणि पूजा मांडताना घाम पुसायला हात डोळ्याकडे गेला होता.

धोतऱ्यात अॅट्रोपिन आणि स्कोपोलामाइन असतात, पानात, फुलात, बियांतही. ती द्रव्ये त्याच ग्राहींवर बसतात आणि नसेचा आदेश स्नायूपर्यंत पोचूच देत नाहीत. डॉक्टर डोळा तपासण्याआधी बाहुली मोठी करायला जे थेंब घालतात, ते याच जातीचे. बोटावरचा चिकाचा अंश पुरतो. उपाय काही लागत नाही. डोळा धुऊन घ्यायचा, उन्हात काळा चष्मा लावायचा, गाडी चालवायची नाही. शिक्षिकेची बाहुली तीन-चार दिवसांत हळूहळू मूळपदावर आली. मीठ-मोहरी ओवाळली असती तरी तेवढ्याच दिवसांत आली असती आणि यश मिठाला मिळाले असते. धोतऱ्याचा रस डोळ्यात घालण्याचे घरगुती उपाय सुचवणाऱ्यांनी मात्र हे नीट वाचावे. डोळ्यातला द्रव जिथून बाहेर पडतो तो कोन अरुंद असलेल्या माणसात बाहुली अशी पसरली की डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. धोतऱ्याचा असर ओसरत आला असताना १ टक्क्याचा थेंब थोडा चालतो आणि गोंधळ होतो. मार लागून बुबुळाचा स्नायू फाटला असेल किंवा डोळ्यातला दाब चढलेला असेल तर धोतऱ्याशिवायही थेंब हरतो. दाब चढलेला डोळा मात्र लाल होतो, ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, आणि त्याला त्याच दिवशी उपचार लागतात. लोंबती पापणी, एकाएकी उठलेली डोकेदुखी, दोन-दोन दिसणे यांपैकी काहीही मोठ्या बाहुलीसोबत असेल तर थेंबांची वाट न बघता थेट मोठे रुग्णालय गाठावे. आणि लहान-मोठ्या बाहुल्या जुन्या फोटोंतही तशाच दिसत असतील, उजेडाला दोन्ही आकसत असतील आणि फरक मिलिमीटरहून कमी असेल, तर तो जन्माचाच असतो. साधारण पाचांतल्या एका निरोगी माणसात तो सापडतो.