जीभ सोलवटते, भूक मरते: बी-बारा कमी पडल्यावर पोटात काय घडतं

साठीच्या आसपासची एक बाई डोळ्यांसमोर आणा. आयुष्यभर शाकाहारी, दूध फक्त चहापुरतं. सहा-आठ महिन्यांपासून अन्नावरची वासना उडाली आहे. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च होतं, वर करपट ढेकर. आमटीत मिरची जरा जास्त पडली तरी जीभ भाजल्यासारखी चुरचुरते, गरम चहाही नकोसा वाटतो. घरच्यांचं म्हणणं, उष्णता वाढली आहे. गुलकंद होतो, सब्जा होतो, आणि शेवटी औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीची गोळी सुरू होते. रोज सकाळी एक, महिनोन् महिने.

ही बाई काल्पनिक आहे, पण अशा तक्रारी डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीच्या आहेत. चव गेली, जीभ सोलवटली आणि पचन बिघडलं, या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं: बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता. आणि ती ॲसिडिटीची गोळी ही कमतरता आणखी वाढवत असू शकते.

एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर आधी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्यासाठी लागणारा कच्चा माल फॉलिक ॲसिडच्या मदतीने बनतो, आणि हे फॉलिक ॲसिड वापरता येईल अशा रूपात ठेवायला बी-बारा लागतं. बी-बारा नसेल तर शरीरातलं फॉलिक ॲसिड एका निरुपयोगी रूपात अडकून पडतं. पेशी आकाराने वाढत राहते, पण तिच्या केंद्रकाला वेळेत विभागता येत नाही. अशा फुगलेल्या, अर्धवट पिकलेल्या पेशींपैकी बऱ्याच अस्थिमज्जेतच मरतात. ज्या लाल पेशी रक्तात उतरतात त्या संख्येने कमी आणि नेहमीपेक्षा मोठ्या असतात. हाच बी-बाराच्या अभावाने होणारा ॲनिमिया.

पण हा फटका एकट्या रक्ताला बसत नाही. जिथे पेशी भराभर झिजतात आणि भराभर नव्या येतात, त्या प्रत्येक ठिकाणी तो बसतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत. लाल रक्तपेशी मात्र सुमारे 120 दिवस जगते. म्हणून रक्तातलं हिमोग्लोबिन ठीकठाक असतानाही जीभ आधीच तक्रार करू लागलेली असू शकते. ‘तुमचं रक्त चांगलं आहे, मग बी-बारा कशाला तपासायचं?’ हा प्रश्न त्यामुळे चुकीचा ठरतो.

आता जीभच जवळून पाहू. निरोगी जिभेच्या वरच्या बाजूवर दोऱ्यासारखे असंख्य बारीक उंचवटे असतात, त्यांच्यामुळे जीभ खरखरीत लागते. त्यांच्यात चवीच्या पेशी नसतात. चवीच्या पेशी असतात त्यांच्या अधूनमधून दिसणाऱ्या लालसर, गोल टिंबांमध्ये, आणि मागच्या बाजूच्या मोठ्या उंचवट्यांमध्ये. कमतरता सुरू झाली की आधी टोकाला आणि कडांना लाल, दुखरे पट्टे दिसतात. मग मखमलीची लव झडावी तसे ते बारीक उंचवटे विरळ होत जातात आणि शेवटी जीभ गुळगुळीत, चकचकीत, मांसासारखी लाल दिसते. वरचं अस्तर पातळ झालेलं असतं, त्यामुळे तिखट, आंबट, गरम थेट आतल्या मज्जातंतूंना झोंबतं. शिवाय बी-बारा मज्जातंतूंच्या आवरणालाही लागतं, म्हणून काही जणांची जीभ दिसायला फारशी बदललेली नसतानाही जळजळते. चवीच्या पेशींचं नूतनीकरण मंदावलं की मीठ-गोड कमी जाणवतं आणि जेवण बेचव लागतं. भूक मरण्याची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी पोटात आहे, आणि इथे कारण आणि परिणाम एकमेकांत गुंतलेले आहेत. अन्नातलं बी-बारा प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. सुटलेलं बी-बारा आधी लाळेतल्या एका प्रथिनाला धरून लहान आतड्यात उतरतं. तिथे स्वादुपिंडाचे पाचकरस त्याला मोकळं करतात आणि मग ते जठराने पाठवलेल्या दुसऱ्या प्रथिनाच्या ताब्यात जातं, ज्याला इन्ट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात. ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात पोचली तरच बी-बारा रक्तात शिरतं. आम्ल आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टर, दोन्ही जठरातल्या एकाच प्रकारच्या पेशी बनवतात, ही यातली कळीची गोष्ट.

हे कसं कळलं, ते सांगण्यासारखं आहे. 1926 साली बोस्टनमधल्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं, की तोवर जीवघेण्या ठरणाऱ्या एका ॲनिमियाचे रुग्ण रोज भरपूर लिव्हर खाऊन बरे होतात. त्याच शहरातल्या विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरला वेगळा प्रश्न पडला: निरोगी माणसाला लिव्हरचा असा मारा लागत नाही, मग या रुग्णांच्या पोटात काय नाही? त्याने स्वतः सुमारे 300 ग्रॅम अर्धकच्चं गोमांस खाल्लं, तासाभराने ते उलटी करून बाहेर काढलं, आणि ते मिश्रण नळीने रुग्णांना दिलं. नुसतं मांस दिल्यावर रुग्णांमध्ये काहीच फरक पडत नव्हता. निरोगी जठरातून गेलेलं मांस दिल्यावर काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या लाल पेशी दिसू लागल्या. इन्ट्रिन्सिक फॅक्टरचा शोध असा लागला. खुद्द बी-बारा स्फटिकरूपात हाती आलं ते 1948 साली.

त्या रुग्णांच्या जठराचं अस्तर विरून गेलेलं होतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच जठरपेशींवर उलटली की असं होतं. जंतूमुळे किंवा वयामुळेही अस्तर पातळ होतं, तेव्हा आधी आम्ल कमी होतं. म्हणजे अशा माणसाला ॲसिडिटी वाढलेली नसते, उलट आम्लच अपुरं असतं. प्रथिनं नीट फुटत नाहीत, अन्न जठरात रेंगाळतं, पोट फुगतं, ढेकर येतात. तक्रार मात्र ‘ॲसिडिटी’सारखीच वाटते. त्यावर पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलसारखी आम्ल दाबणारी गोळी वर्षानुवर्षं घेतली, तर अन्नातलं बी-बारा सुटण्याची उरलीसुरली सोयही कमी होते. मधुमेहाचं मेटफॉर्मिनही आतड्यात त्याचं शोषण घटवतं. ज्यांना या औषधांची खरी गरज आहे त्यांनी ती परस्पर बंद करू नयेत, पण बी-बारा तपासून घ्यावं.

कमतरता गंभीर झाली की आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही त्याच रोगाने फुगतात आणि अस्तरावरचे केसांसारखे उंचवटे आखूड होतात. मग शोषण आणखी बिघडतं आणि चक्र स्वतःलाच पुढे ढकलतं. कोणाला जुलाब होतात, कोणाला बद्धकोष्ठ. त्यात ॲनिमियाची भर. जेवणानंतर आतड्यांकडे जादा रक्त जावं लागतं, पण रक्तात ऑक्सिजन वाहणारे हात कमी असतील तर शरीर आधी हृदय आणि मेंदूची सोय पाहतं. पोट जड वाटतं, दमणूक असते, जेवायला बसण्याचीच इच्छा होत नाही. खाणं कमी म्हणजे बी-बाराही कमी.

लोहाच्या कमतरतेत चित्र थोडं वेगळं असतं. डीएनए बनवणाऱ्या एका एन्झाइमला लोह लागतं, म्हणून जीभ तिथेही गुळगुळीत होते, पण सहसा फिकट दिसते. तोंडाचे कोपरे चिरतात, आणि कधी माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतो.

आपल्याकडे दोन्ही कमतरता बरेचदा एकत्र असतात आणि तिथेच तपासणी चकवते. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान होतात, बी-बारा कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकत्र असले तर रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे पेशीचा सरासरी आकार, 80 ते 100 या नॉर्मल मर्यादेत येतो आणि सगळं आलबेल वाटतं. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, वाढलेली दिसते. रक्ताच्या काचपट्टीवर पाचाहून अधिक खंडांच्या केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी दिसल्या तर संशय पक्का होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला तेव्हा साधारण दोन तृतीयांश जणांत बी-बारा कमी आढळलं, त्यामुळे ही शंका आपल्याकडे आधीच मनात असायला हवी.

आपल्या त्या बाईचा रिपोर्ट असा आला असं समजू: हिमोग्लोबिन 9, एमसीव्ही 112, बी-बारा 110. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो, पण रक्तात मिलिलिटरमागे 200 पिकोग्रॅमच्या खाली बी-बारा असेल तर कमतरता धरतात. इथे नुसत्या फॉलिक ॲसिडवर भागवणं धोक्याचं आहे. मुंबईत 1928 पासून लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी गिरणी कामगार गरोदर बायकांच्या मोठ्या पेशींच्या ॲनिमियावर जे काम केलं, त्यातून पुढे फॉलिक ॲसिडचा शोध लागला, आणि रक्ताचं चित्र दोन्ही कमतरतांत हुबेहूब सारखं असतं. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-बाराची उणीव तशीच राहते आणि तळपायांच्या मुंग्या, तोल जाणं हे मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत वाढत जातं.

उपचार म्हणून बहुधा 1000 मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, आधी थोड्या-थोड्या दिवसांनी, मग महिन्याला. आठवड्याभरात रक्तात कोवळ्या पेशींची लाट येते. पण रुग्णाला सगळ्यात आधी जाणवतं ते भूक लागणं. कित्येकांना हिमोग्लोबिन हलण्याआधीच जेवावंसं वाटू लागतं. जिभेची चुरचुर एक-दोन आठवड्यांत उतरते, उंचवटे परत यायला काही आठवडे जातात. हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत जागेवर येतं. या काळात नव्या पेशी लोह झपाट्याने खेचतात, म्हणून लोहही मोजायचं. दोन-तीन आठवड्यांत जीभ शांत झालीच नाही, तर लोहाबरोबर बुरशी, कोरडं तोंड, मधुमेह अशी दुसरी कारणं शोधायला हवीत.

गोळीनेही काम होतं. इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या वाटेने एका वेळी जेमतेम दोन मायक्रोग्रॅम शोषले जातात, पण मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का त्या वाटेशिवायच आत झिरपतो. 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहाएक मायक्रोग्रॅम मिळतात, आणि रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आतच आहे. कमतरता नुसती आहारातली असेल तर रोज दोन पेले दूध-दही, खात असल्यास अंडी, आणि अधूनमधून गोळी पुरते. जठराचं अस्तरच विरलेलं असेल तर औषध जन्मभर चालू ठेवावं लागतं. शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅमचा साठा असतो, त्यामुळे तो भरल्यावर औषध सोडलं तरी पहिली काही वर्षं काहीच जाणवत नाही, आणि मग कधीतरी पुन्हा जेवण बेचव लागू लागतं.