तिमाही मोजताना तीन-तीन महिने वजा करू नका

“डॉक्टरांनी प्रसूतीची तारीख 20 नोव्हेंबर 2026 दिली आहे. तीन-तीन महिने मागे गेलं की तिमाही कळतात ना?”

नाही. ही तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवसांनी, म्हणजे 40 आठवड्यांनी येते. नऊ कॅलेंडर महिने साधारण 274 दिवसांचेच. शिवाय तिमाही सारख्या नसतात: 14, 14 आणि 12 आठवडे.

म्हणून आठवडे मागे मोजा. 12 आठवडे मागे 28 ऑगस्ट, तिसरी तिमाही सुरू. 26 आठवडे मागे 22 मे, दुसरी. 40 आठवडे मागे 13 फेब्रुवारी, पहिली. चारही तारखांना शुक्रवारच आला पाहिजे; वार बदलला तर मोजणी चुकली.

महिन्यांच्या हिशेबाने पहिली तिमाही 20 फेब्रुवारीला सुरू होते, आठवडाभर उशिरा. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी, 11 आठवडे पूर्ण झाल्यापासून 13 आठवडे 6 दिवसांपर्यंतच होतो, इथे 1 ते 21 मे. चुकीच्या हिशेबाने 28 मेपर्यंत वेळ आहे असं वाटतं आणि स्कॅन हुकतो.

पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी तारीख बदलली असेल, तर नव्या तारखेवरूनच मागे मोजा, पाळीची तारीख मग विसरा.