वाढत्या कंपनीतल्या लीजचं ऑडिट (सोलापूर)

भाड्याने वापरत असलेल्या मालमत्तेचा हक्क, म्हणजे राइट-ऑफ-यूज अॅसेट, आणि त्यासमोरचं लीजचं देणं, हे दोन्ही ताळेबंदात पूर्ण आलंय का याची तपासणी. भारतात हे इंड एएस 116 या लेखा मानकामुळे 1 एप्रिल 2019 पासून सुरू झालं, त्याचं मूळ आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय मानकात आहे जे जानेवारी 2016 मध्ये आलं. इंड एएस न लागणाऱ्या लहान कंपन्या अजून जुन्या एएस 19 वरच आहेत, त्यामुळे सोलापुरात हा प्रश्न मुख्यतः लिस्टेड कंपन्या, 250 कोटींच्या वर नेटवर्थ असलेल्या कंपन्या आणि अशांच्या उपकंपन्या यांचाच.

अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा कुठून आली यावर दोन मतं सापडतात. एक मत रजिस्ट्रेशन अॅक्ट 1908 च्या कलम 17 कडे बोट दाखवतं, कारण एक वर्षाच्या वरचं लीज रजिस्टर करावं लागतं आणि अकरा महिन्यांचं त्यातून सुटतं. दुसरं मत म्हणतं की भाडेकरूला कायद्याचं संरक्षण मिळू नये म्हणून मालक लीव्ह अँड लायसन्सकडे वळले, आणि 1 फेब्रुवारी 1973 ला ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरू मानलं गेल्यावर मुदत छोटी ठेवायची सवय पक्की झाली. पहिलं मत जास्त सरळ वाटतं, पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नंतर लायसन्स कितीही महिन्यांचं असो रजिस्टर करावंच लागतं, म्हणजे ते कारण इथे बऱ्याच अंशी संपलं तरी सवय राहिली. (1 कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपनीला दिलेली जागा मात्र कलम 3 प्रमाणे या कायद्याच्या बाहेर.) ऑडिटरला याचं महत्त्व एवढंच की कागदावर लायसन्स लिहिलंय की लीज यावर इंड एएस 116 ठरत नाही, ठरलेली वस्तू कोणाच्या ताब्यात वापरली जाते यावर ठरतं. शॉर्ट-टर्म लीज ताळेबंदात न आणण्याची सूट 12 महिन्यांपर्यंतच आहे, आणि अकरा महिन्यांच्या गोडाऊनमध्ये कंपनीने लाखोंचं, काढून नेता न येणारं बांधकाम करून ठेवलं असेल तर मुदत खरंच अकरा महिने का, हे विचारावंच लागतं.

खरी अडचण कंप्लीटनेसची. लीज रजिस्टरमधून सॅम्पल उचलून करार बघितला तर फक्त रजिस्टरमधलं खरं आहे एवढंच कळतं, राहून गेलेलं कधीच कळत नाही, म्हणून बाहेरून आत यायचं: भाड्याचं लेजर, भाड्यावर कापलेला टीडीएस, दिलेली डिपॉझिट्स, जीएसटीत नोंदवलेल्या जादा जागा, वीजबिलं, आणि मग त्यातली एकेक जागा रजिस्टरमध्ये शोधायची.

पण सोलापुरात सगळ्यात सहज निसटतं ते भाड्यात नसतंच, जॉबवर्कमध्ये असतं. समजा टॉवेलची एक कंपनी ऑर्डर वाढल्या म्हणून अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातले 24 लूम तीन वर्षांसाठी फक्त स्वतःसाठी बांधून घेते, डिझाइन आणि किती शिफ्ट चालवायच्या हे कंपनीच सांगते, मालकाला दुसऱ्याचा माल घेता येत नाही आणि लूम बदलताही येत नाहीत, महिन्याला मिनिमम दीड लाख. टीडीएस भाड्याच्या नव्हे, कंत्राटाच्या कलमात कापला जातो म्हणून भाड्याच्या यादीत ते दिसत नाही. सापडतं ते असं की दिवाळीत लूम बंद होते त्या महिन्याचं बिलही दीड लाखाचंच आहे, आणि सुताच्या चलनांवर महिनोन्महिने तोच एक पत्ता.

दीड लाखात कामगार आणि वीजही आहे, ते लीज नाही. तसेच 24 लूम नुसते भाड्याने घेतले तर किती पडेल हे बघून, धरूया 60,000 रुपये लीजचे निघाले. 10 टक्के व्याजाने 36 महिन्यांची, महिनाअखेर द्यायची ही रक्कम आज साधारण 18.59 लाख होते, तेवढंच देणं आणि तेवढाच राइट-ऑफ-यूज अॅसेट. पहिल्या वर्षी घसारा 6.20 लाख आणि व्याज सुमारे 1.61 लाख, म्हणजे 7.81 लाख खर्च, जिथे आधी 7.20 लाखच पडत होता. बँकेच्या कर्जाच्या अटी ज्या कंपनीच्या मानेवर असतात तिला हे साडेअठरा लाख लहान नाहीत.

मिनिमम नसून फक्त मीटरमागे मजुरी असती तर लीज असूनही देणं उभं राहिलं नसतं, कारण उत्पादनावर अवलंबून असलेली रक्कम त्यात धरत नाहीत. म्हणून करारातलं मिनिममचं वाक्य आधी शोधावं, आणि करार तोंडी असेल तर कारखानदाराकडून एसए 505 या ऑडिट मानकाप्रमाणे लेखी कन्फर्मेशन मागवावं. मॅनेजमेंटचं पत्र एकटं पुरत नाही.

चिंचोली एमआयडीसीतल्या प्लॉटचं चित्र उलटं असतं, 95 वर्षांच्या लीजचा प्रीमियम आधीच भरलेला असल्याने देणं जवळपास शून्य आणि अॅसेट मात्र पूर्ण. जुन्या पुस्तकांत तो कधीकधी फ्रीहोल्ड जमिनीत बसलेला सापडतो.